टाके सोडणारी मशीन आणि नव्वद दिवस: जुन्या व्हिडिओची वाढ सर्चमधूनच आली का?

जून २०२५ च्या शेवटी आत्याचा फोन आला. "अगं, तो सुईचा जुना व्हिडिओ कुणीतरी बघतंय बघ. रोज पंचवीस-तीस माणसं येतायत."

आत्या मिरजेत शिवणक्लास घेते. क्लासमधल्या बायका घरी गेल्यावर अडतात, म्हणून चार वर्षांपूर्वी तिने यूट्यूबवर छोटे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. चॅनेलची पाठीमागची कामे मी पाहते. तिने सांगितलेला व्हिडिओ एप्रिल २०२४ चा होता: 'शिलाई मशीन टाके सोडते? आधी सुई तपासा'. सात मिनिटांचा. पहिल्या आठवड्यात क्लासच्या बायकांनी पाहिला, मग वर्षभर आठवड्याला चाळीसच्या आसपास व्ह्यूज मिळत राहिले. आणि आता अचानक वाढ.

माझ्या तोंडून लगेच निघाले, "सर्चमधून येत असतील." व्हिडिओ अडचणीचा आहे आणि अडचण आली की लोक शोधतात, म्हणून ते पटण्यासारखे होते. पण पटते म्हणून ते खरे ठरत नाही. वाढ सर्चची असेल तर आत्याने अशाच अडचणींवर आणखी व्हिडिओ करायला हवेत. ती कुठल्यातरी ग्रुपमध्ये फिरलेल्या लिंकची असेल तर पंधरा दिवसांत ओसरेल, आणि तिच्या जोरावर आखलेले सगळे काम फुकट जाईल. म्हणून आम्ही नव्वद दिवस मोजायचे ठरवले.

नव्वदच का? यूट्यूब स्टुडिओ उघडला की अ‍ॅनालिटिक्समध्ये आधी शेवटचे २८ दिवस दिसतात. एखादा व्हिडिओ अचानक चालला तर तो चढ आणि उतार मिळून बऱ्याचदा त्या २८ दिवसांतच संपतो. होमपेजवर दाखवला गेलेला व्हिडिओ, फॉरवर्ड झालेली लिंक, दुसऱ्या चॅनेलने केलेला उल्लेख, हे सगळे झपाट्याने चढते आणि तितक्याच झपाट्याने खाली येते. सर्चची वाढ तशी नसते. मशीन टाके सोडायला लागते ती कुणाची सोमवारी, कुणाची गुरुवारी. शोधणारी माणसे रोज नवी असतात, त्यामुळे रेघ हळूहळू वर जाते आणि वर गेली की तिथे टिकते. हा टिकाव चार आठवड्यांत दिसत नाही, बारा आठवड्यांत दिसतो. वर्षभर थांबणे आत्याला परवडणारे नव्हते.

सुरुवात करण्याआधी मी वहीत एक गोष्ट लिहून ठेवली: काय दिसले तर माझा अंदाज चुकीचा मानायचा. एकूण व्ह्यूज वाढले आणि सर्चची रेघ सपाट राहिली, तर अंदाज चूक. सर्चची रेघ चढून तीन आठवड्यांत परत खाली आली, तरी चूक. सर्चमध्ये लोक आत्याच्या चॅनेलचेच नाव टाइप करून येत असतील, तरीही चूक, कारण ती माणसे तिला आधीपासून ओळखतात. हे आधी लिहून ठेवले नाही तर नंतर समोर येणारा प्रत्येक आकडा आपल्या बाजूचाच वाटू लागतो.

मोजणी १ जुलै ते २८ सप्टेंबर २०२५ अशी झाली. स्टुडिओतल्या अ‍ॅडव्हान्स्ड मोडमध्ये फक्त हा एक व्हिडिओ निवडायचा, `Traffic source` हा भाग उघडायचा, तारखा घालायच्या आणि तक्ता शीटमध्ये उतरवून घ्यायचा. दर सोमवारी नव्हे, तर बुधवारी, कारण शेवटच्या दोन दिवसांचे आकडे बऱ्याचदा अपुरे असतात. सुरुवातीला एका सोमवारी घाईने पाहिले तर रेघ खाली आलेली दिसली आणि आत्याचा चेहरा पडला. दोन दिवसांनी तेच आकडे भरून आले होते.

आणखी एक बारीक गोष्ट. यूट्यूबचा दिवस अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार बदलतो. त्या महिन्यांत तिथली मध्यरात्र म्हणजे आपल्याकडची दुपारची साडेबारा. त्यामुळे आपल्या मंगळवारचा सकाळचा भाग त्यांच्या सोमवारात मोजला जातो. रोजचे आकडे घेऊन 'रविवारी बायका शिवत बसतात' असे काही ठरवायला गेलो तर फसू. म्हणून मी दिवस सोडले आणि आठवड्यांची बेरीज घेतली. नव्वद दिवसांत बारा पूर्ण आठवडे बसतात आणि सहा दिवस उरतात. सुरुवातीचे ते सहा दिवस मी सोडून दिले आणि ७ जुलैच्या सोमवारपासून मोजले.

तुलनेसाठी शांत काळही हवा होता. वाढ सुरू झाली जूनच्या मध्यात, म्हणून त्याआधीचे चार आठवडे, ५ मे ते १ जून, घेतले आणि त्यांची आठवड्याची सरासरी काढली. खालच्या तक्त्यातली पहिली ओळ ती आहे. बाकीचे सगळे आठवडे देत बसत नाही, गोष्ट कळावी एवढेच देते.

| आठवडा | एकूण | सर्च | सजेस्टेड | बाहेरून | इतर |
|---|---|---|---|---|---|
| शांत काळ, सरासरी | ४२ | २९ | ४ | ३ | ६ |
| १ला | १६८ | १०४ | २४ | ११ | २९ |
| ४था | ३१२ | १९७ | ४८ | १७ | ५० |
| ६वा | ९०५ | २६८ | ८१ | ४८९ | ६७ |
| ९वा | ६०४ | ३८८ | ११७ | ३४ | ६५ |
| १२वा | ७७१ | ४६२ | १८३ | ६१ | ६५ |

इथे 'सर्च' म्हणजे स्टुडिओतले `YouTube search`, 'सजेस्टेड' म्हणजे दुसरा व्हिडिओ पाहताना शेजारी किंवा खाली सुचवला गेलेला, आणि 'बाहेरून' म्हणजे `External`, ज्यात व्हॉट्सअ‍ॅप, वेबसाइट आणि गूगलही येतात. होमपेज, चॅनेलचे पान, प्लेलिस्ट, थेट लिंक हे सगळे मी 'इतर'मध्ये एकत्र केले, कारण त्यातले कुठलेच एकटे फार मोठे नव्हते.

सहावा आठवडा, ११ ते १७ ऑगस्ट, मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. एकूण आकडा एकदम ९०५ वर गेला. आत्याने रात्री साडेनऊला फोन केला, "बघ, लागली लॉटरी!" `External` उघडून पाहिले तर जवळजवळ सगळे व्हॉट्सअ‍ॅपवरून आले होते. कुठल्याशा शिवणक्लासच्या ग्रुपवर कुणीतरी लिंक टाकली होती आणि ती पुढे फिरली होती. त्या आठवड्यात सर्चचा वाटा ३० टक्क्यांच्या खाली गेला, पण सर्चचा स्वतःचा आकडा मात्र आधीच्याच चालीने २६८ वर पोचला होता. ती लाट तीन दिवसांत ओसरली. सर्चची रेघ तिच्यासोबत चढली नाही आणि तिच्यासोबत उतरलीही नाही. त्या आठवड्यात आम्ही फक्त एकूण व्ह्यूज पाहत असतो तर नवव्या आठवड्याच्या ६०४ कडे पाहून 'उतरती कळा लागली' म्हणून गप्प बसलो असतो.

यातूनच टक्केवारीचा सापळा लक्षात आला. शांत काळात सर्चचा वाटा ६९ टक्के होता, बाराव्या आठवड्यात तो ६० टक्के झाला. फक्त टक्के पाहिले तर सर्चचे महत्त्व कमी झाले असे वाटेल. पण शांत काळातले ६९ टक्के म्हणजे अवघे २९ व्ह्यूज होते आणि आता ४६२ आहेत. आपला प्रश्न 'व्ह्यूज कुठून येतात' हा नव्हताच, 'वाढलेले व्ह्यूज कुठून आले' हा होता. म्हणून मी वजाबाकी केली. आठवड्याला ४२ वरून ७७१, म्हणजे ७२९ ची वाढ. त्यातली सर्चची ४३३, साधारण ५९ टक्के. 'बाहेरून'च्या खात्यात गूगलवर शोधून आलेलेही असतात. बाराव्या आठवड्यातल्या ६१ पैकी ४४ गूगलवरून होते, शांत काळात तिथून आठवड्याला एखादाच यायचा. तीही शोधूनच आलेली माणसे, मग ती सर्चमध्ये का धरू नयेत? ती धरली की वाढीतला सुमारे ६५ टक्के भाग थेट शोधण्यातून आला असे म्हणता येते. मला विचाराल तर या सगळ्या अभ्यासातला सर्वात कामाचा आकडा हाच.

आता शब्द. अ‍ॅडव्हान्स्ड मोडमध्ये `YouTube search` वर क्लिक केले की लोकांनी काय टाइप केले ते दिसते. सगळे दिसत नाही. फार क्वचित टाइप झालेले शब्द यूट्यूब दाखवत नाही, म्हणून यादीची बेरीज सर्चच्या एकूण आकड्यापेक्षा नेहमी कमी भरते, आणि त्यात काही बिघाड नसतो. मी पहिले चार आठवडे आणि शेवटचे चार आठवडे शेजारी शेजारी ठेवले. पहिल्या यादीत नऊच ओळी होत्या आणि सगळ्यात वर 'मशीन टाके सोडते'. शेवटच्या यादीत एक्केचाळीस. त्यात `silai machine taka chodna`, `shilai machine take sodte`, 'मशीन टाका का सोडते', 'नवीन सुई लावूनही टाके सोडते', 'जाड कापडावर टाके सुटतात' असे कितीतरी. व्हिडिओ मराठी, शीर्षक देवनागरीत, तरी निम्म्याहून अधिक लोक रोमन अक्षरांत टाइप करत होते आणि त्यात हिंदी शब्दही मिसळलेले. मोबाइलवर मराठी कीबोर्ड असूनही घाईत हात इंग्रजी अक्षरांकडेच जातो, हे आत्याच्या क्लासमध्ये मी स्वतः पाहिले आहे.

ही यादी पसरत जाणे मला आकड्यांइतकेच महत्त्वाचे वाटते. एकाच शब्दावर सगळी वाढ उभी असती तर शंका आली असती, की कुणीतरी क्लासमध्ये 'हे असे शोधा' म्हणून सांगितले असावे. इथे सगळ्यात वरच्या शब्दाचा वाटा कमी होत गेला आणि खालच्या ओळी वाढत गेल्या. म्हणजे एकमेकांना न ओळखणारी माणसे आपापल्या शब्दांत तीच अडचण विचारत होती. चॅनेलचे नाव टाइप करून आलेले बाराव्या आठवड्यात अकरा व्ह्यूज होते. ते वजा केले तरी चित्र बदलत नाही.

पुढचा प्रश्न असा की सर्च वाढले म्हणजे नेमके काय झाले. व्हिडिओ जास्त वेळा दाखवला गेला, की दाखवल्यावर लोक जास्त क्लिक करू लागले? यासाठी त्याच तक्त्यात इम्प्रेशन आणि क्लिकचे प्रमाण जोडावे लागते. शांत काळात सर्चमध्ये आठवड्याला साधारण ४२० वेळा थंबनेल दिसायचे आणि त्यातले सुमारे ७ टक्के लोक क्लिक करायचे. बाराव्या आठवड्यात ते ६,३०० वेळा दिसले आणि क्लिकचे प्रमाण अजूनही ७ टक्क्यांच्या आसपासच होते. म्हणजे आमचे थंबनेल काही जास्त आकर्षक झाले नव्हते. यूट्यूब हा व्हिडिओ जास्त शब्दांसाठी आणि जास्त वेळा दाखवू लागले होते. सर्चवरून आलेले लोक सरासरी तीन मिनिटांच्या आसपास थांबत. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले एका मिनिटाच्या आतच निघून जात. आलेख पाहिला तर तीन मिनिटे चाळीस सेकंदांच्या जागी उंचवटा होता. तिथे आत्या सुई कॅमेऱ्याजवळ धरून तिची लांब खोबण दाखवते आणि सांगते, की दोरा खोबणीच्या बाजूनेच ओवायचा, उलटा ओवला तर मशीन टाके सोडणारच. लोक तो भाग मागे जाऊन पुन्हा पाहत होते. हातात सुई धरून बसलेला माणूसच असे करतो.

सजेस्टेडचे काय? शांत काळातल्या ४ वरून १८३. हे सर्च नाही, आणि त्याला सर्च म्हणणे खोटे ठरेल. पण त्याचा तपशील उघडला तर आमचा व्हिडिओ ज्या व्हिडिओंशेजारी सुचवला जात होता ते बहुतेक बॉबिन केस, दोरा तुटणे, मशीन जड चालणे अशा विषयांचे होते. सर्चची वाढ पहिल्याच आठवड्यात स्पष्ट दिसत होती, सजेस्टेडही तेव्हा थोडे हलले होते, पण त्याचा वाटा पाचव्या-सहाव्या आठवड्यानंतर खऱ्या अर्थाने वाढला. आधी शोधून आलेल्यांनी पाहिले आणि मग यूट्यूबने त्याच प्रकारच्या प्रेक्षकांना सुचवले, असे या क्रमावरून वाटते. क्रम जुळतो एवढेच मी म्हणू शकते, कारण एका व्हिडिओवरून त्याहून पुढे जाता येत नाही. म्हणून वहीत मी 'वाढ सर्चमध्ये सुरू झाली, दोन तृतीयांशाच्या जवळपास थेट तिथून आली, सजेस्टेड मागून आले' असेच लिहिले.

एक आक्षेप मला सतावत होता, तो हंगामाचा. मोजणीच्या काळातच गणपती आले आणि शेवटच्या आठवड्यात नवरात्र बसले. या दिवसांत ब्लाउज, परकर, लहान मुलांचे कपडे घरोघरी शिवले जातात, मशिनी जास्त चालतात, म्हणून बिघडतातही जास्त. मग ही वाढ फक्त सणाची नसेल कशावरून? गूगल ट्रेंड्समध्ये यूट्यूब सर्च निवडून गेल्या ९० दिवसांची रेघ पाहता येते, पण आमच्या नेमक्या मराठी शब्दांसाठी तिथे पुरेसा डेटाच नव्हता. म्हणून मी आत्याचाच दुसरा जुना व्हिडिओ, मशीनला तेल कसे द्यायचे हा, शेजारी ठेवला. सणासाठी मशिनी चालू झाल्या असत्या तर तोही थोडा तरी वाढायला हवा होता. तो बाराही आठवडे तीस ते चाळीसच्या दरम्यान राहिला. गणपतीच्या आठवड्यात, २५ ते ३१ ऑगस्ट, सर्चचे व्ह्यूज तर किंचित उतरले. घरात पाहुणे असताना कोण मशीन उघडून बसणार? विसर्जनानंतर रेघ पुन्हा चढली. हे हंगामाच्या विरुद्ध जाते, पण त्याला पूर्ण बाद करत नाही, कारण पुढे दिवाळी होती आणि २८ सप्टेंबरला मोजणी संपली तेव्हा शिवणाचे दिवस अजून चालूच होते. याचे पक्के उत्तर दिवाळीनंतरचे आठवडे पाहिल्याशिवाय मिळणार नाही, म्हणून ती शीट मी बंद केलेली नाही.

या नव्वद दिवसांत एकच गोष्ट कठीण गेली, ती म्हणजे हात न लावणे. पाचव्या आठवड्यात आत्याला थंबनेल बदलायचे होते. "एवढी माणसं येतायत तर चांगला फोटो लावूया की गं." तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण मधेच थंबनेल किंवा शीर्षक बदलले असते तर पुढची वाढ त्या बदलाची की आधीची, हे सांगता आले नसते. विशेषतः क्लिकचे प्रमाण स्थिर राहिले, हा आमचा पुरावाच गेला असता. मी तिला म्हटले, "आत्या, सप्टेंबर संपू दे, मग दहा फोटो लाव." ती नाराज झाली, पण थांबली.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात शब्दांची यादी घेऊन बसलो. 'नवीन सुई लावूनही टाके सोडते' या ओळीवर तिचे बोट थांबले. या शब्दांनी आलेल्यांचा पाहण्याचा वेळ सर्चमधल्या बाकीच्यांपेक्षा बराच कमी होता. कारण तिला लगेच कळले. त्यांनी सुई आधीच बदललेली होती आणि या व्हिडिओत सुईच्या पुढे काहीच नाही. "त्यांचं टायमिंग हललेलं असतं," ती म्हणाली. "सुई वर यायला लागली की शटलचं टोक नेमकं तिच्या भोकाच्या जरा वर दोऱ्याचा फास पकडतं. ते मागेपुढे झालं की सुई कितीही चांगली असली तरी टाका पडत नाही." मग उठून तिने मशीनची खालची झाकणपट्टी काढली, मला मोबाइल धरायला सांगितले आणि चाक हाताने हळूहळू फिरवून ती जागा दाखवली. नव्या व्हिडिओचे शीर्षक तिने त्या यादीतल्या लोकांच्याच शब्दांत लिहिले, 'नवीन सुई लावूनही मशीन टाके सोडते?' आणि वर्णनात तेच शब्द रोमन अक्षरांतही घातले. जुन्या व्हिडिओखाली पिन केलेल्या कमेंटमध्ये नव्याची लिंक दिली. पहिल्या दिवसापासून त्याच्या सर्चच्या आकड्यांची वेगळी ओळ मी शीटमध्ये उघडली आहे.